धागा: कवडीच फासा आणि कवडीच पैसा. हे मेकॅनिक नवं आहे का, आणि उभं राहील का?

सोंगटीबहाद्दर (धागाकर्ता)

पटावरचा खेळ रचतो आहे, ३ जणांसाठी, अर्ध्या तासाचा. विषय, चित्रं, नाव यांची घाई नाही. अडलंय ते खेळाच्या गाभ्याशी, म्हणजे ज्याला सगळे मेकॅनिक म्हणतात तिथे (गॅरेजवाला नव्हे). आजवर जे सुचलं ते 'अमुक खेळासारखंच' निघालं. पत्ते गोळा करून इमारती बांधा, आपली माणसं चौकटीत ठेवून काम अडवा, लिलाव बोला: सगळं झालेलं आहे.

आता हाताशी एकच कल्पना उरली आहे. प्रत्येकाकडे ५ कवड्या. आपल्या पाळीला हातातल्या हव्या तेवढ्या कवड्या टाकायच्या. जितक्या उताण्या पडतील तितकी घरं सोंगटी पुढे, आणि त्या उताण्या कवड्या डावीकडच्या खेळाडूला द्यायच्या. पालथ्या आपल्याकडे परत. जो आधी ४० घरं गाठेल तो जिंकला. म्हणजे मोठं दान पडलं की तुम्ही पुढे, पण कंगाल, आणि शेजारी श्रीमंत.

दोन प्रश्न. हे आधी कुणी केलंय का? आणि यात खेळ आहे का?

रंगीत_खडू

कल्पना छान! विषय शिवकाळातल्या बाजारपेठेचा घ्या, कवड्या शोभून दिसतील. पट कापडी छापून घेता येतो, डबा मात्र चौकोनीच ठेवा, कपाटात नीट बसतो.

सोंगटीबहाद्दर

धन्यवाद, पण डब्यापर्यंत पोचायला अजून वेळ आहे. :)

दान_आठ

कवड्या म्हणजे नशीब. नशिबाचा खेळ रचायला मेकॅनिक कशाला लागतं? बुद्धीचा खेळ हवा असेल तर फासे, कवड्या आधी बाहेर काढा. वाघ-बकरीत कुठे फासे आहेत?

हिशेबी

@दान_आठ, निम्मं बरोबर. नशीब कधी येतं त्यावर सगळं ठरतं. सापशिडीत आधी फासा पडतो आणि नंतर ठरवायला काहीच उरत नाही. इथे किती कवड्या टाकायच्या हे आधी ठरवायचं आहे, नशीब नंतर. हा जोखीम घेण्याचा निर्णय आहे, आणि तो खरा निर्णय आहे की नुसता दिखावा हे मोजता येतं. खाली मोजतो.

आधी 'नवं' या शब्दाबद्दल. गेल्या काही दशकांत जे खेळ नवे वाटले त्यांत बहुतेकदा एकच सवय मोडलेली दिसते. बोनान्झात (१९९७) हातातल्या पत्त्यांचा क्रम बदलता येत नाही, एवढंच. हनाबीत (२०१०) पत्ते दुसऱ्यांकडे तोंड करून धरायचे, आपले आपल्याला दिसत नाहीत. किंगडोमिनोत (२०१६) चांगली फरशी उचलली की पुढच्या फेरीत तुमची निवड उशिरा येते. तिघांतही पत्ते किंवा फरश्याच आहेत, सामान नवं नाही. एक स्वातंत्र्य काढून घेतलं किंवा एका निवडीची किंमत भलत्या जागी वसूल केली.

तुमची कल्पना या जातीची आहे. दान पडतं तेच चलन, आणि चांगल्या दानाची किंमत शेजाऱ्याला मिळते. कवडी एके काळी खरंच चलन होती, म्हणून लोकांना ती समजावून सांगावी लागणार नाही. नेमका हाच नियम कुठे पाहिल्याचं मला तरी आठवत नाही.

पण यात एक मोठी खोट आहे. प्रत्येक पाऊल म्हणजे एक कवडी हातातून गेली. तिघे अ, ब, क असे बसलेत, अ डावीकडे ब ला देतो, ब क ला, क अ ला. मग अ च्या हातातल्या कवड्या कधीही मोजा:

अ चा हात = ५ − अ ची पावलं + क ची पावलं

अ २२ घरांवर आणि क १९ वर असेल तर अ कडे बरोबर २ कवड्या असणार, मधे काहीही घडलेलं असो. म्हणजे पट बघायची गरजच नाही, हात मोजला की कोण कुणाच्या किती पुढे आहे ते कळतं. उजवीकडच्याच्या पुढे तुम्ही ५ घरांपेक्षा जास्त कधीच जाऊ शकत नाही, कारण हात शून्याखाली जात नाही. शर्यत चुरशीची दिसेल, पण ती चुरस हिशेबाने बांधलेली आहे, खेळाडूंनी आणलेली नाही.

सोंगटीबहाद्दर

हे लक्षातच आलं नव्हतं. बोटांनी चार फेऱ्या खेळून पाहिल्या, प्रत्येक वेळी सूत्र जुळलं. मग पट कशाला ठेवायचा?

आजीचा_पट

पट ठेवायचाच. चल्लस-आठ आठवा. चार कवड्या, चारही पालथ्या पडल्या की आठ. पच्चीसीत सहाच्या सहा पालथ्या म्हणजे पंचवीस. सगळ्या पालथ्या हे वाईट दान नसून सगळ्यात मोठं दान, ही आपल्याकडची जुनी गंमत. ती इथे आणली तर पावलं मिळतील आणि कवडी एकही जाणार नाही. सूत्र तुटलं!

हिशेबी

+१, नेमकं औषध. नियम असा धरू: टाकलेल्या सगळ्या पालथ्या पडल्या तर टाकलेल्यांच्या दुप्पट घरं, आणि कवड्या सगळ्या परत. कवडी निम्म्या वेळा उताणी पडते असं समजून सरासरी अशी येते.

१ कवडी टाकली तर १.५ पावलं, कवड्या जातात ०.५
२ टाकल्या तर २ पावलं, जातात १
३ टाकल्या तर २.२५, जातात १.५
४ टाकल्या तर २.५, जातात २
५ टाकल्या तर २.८१, जातात २.५

कुणाला आकडे बदलून पाहायचे असतील तर:

```python
def daan(n, p=0.5):
    paule = n*p + 2*n*(1-p)**n
    gelya = n*p
    return round(paule, 2), round(gelya, 2)

for n in range(1, 8):
    print(n, daan(n))
```

वरवर पाहता छान ताण आहे: जास्त टाकाल तर वेग जास्त, पण कवड्याही जास्त जातील.

दान_आठ

म्हणजे पाचही टाकायच्या. सगळ्यात जास्त पावलं तिथेच आहेत. मी म्हटलं होतं, ठरवायला काही नाही.

हिशेबी

उलट आहे. कवड्या देऊन मिळालेली पावलं वरच्या सूत्रात अडकलेली आहेत, त्यांतून कुणी कायमचा पुढे जाऊ शकत नाही. कायमची आघाडी मिळते ती फक्त सगळ्या-पालथ्याच्या फुकट पावलांतून. आता ती वेगळी काढा: एका पाळीला सरासरी फुकट पावलं १ किंवा २ कवड्या टाकल्या तर १, तीनला ०.७५, चारला ०.५, पाचला ०.३१. म्हणजे लांब डावात नेहमी १ किंवा २ च टाकणारा जिंकेल, कारण देण्याघेण्याची पावलं सगळ्यांची शेवटी जवळपास सारखीच होतात. डाव फार छोटा असेल, उदा. १५ घरांचा, तरच पाच टाकणं शहाणपणाचं ठरेल. ४० घरांत नाही.

म्हणजे ठरवायला काही नाही हे तुमचं म्हणणं आत्ता तरी खरं आहे, फक्त उत्तर पाच नसून एक-दोन आहे.

पत्तेपिसाट

मधेच घुसतोय. माझाही एक खेळ असाच अडकलाय. ५४ पत्ते, प्रत्येक फेरीत एका पत्त्याचा लिलाव. सगळे एकाच आकड्याला येऊन थांबतात. यावरही कवडीचा उपाय चालेल का?

हिशेबी

@पत्तेपिसाट, तुमचं दुखणं वेगळं आहे. एका पत्त्याची किंमत सगळ्यांना सारखीच असेल तर सगळे एकच आकडा काढणार, लिलाव म्हणजे नुसती बेरीज होते. तोच पत्ता एकाला ८ चा आणि दुसऱ्याला ३ चा वाटला पाहिजे, म्हणजे प्रत्येकाचा संच वेगळा हवा. वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

कोकणकडा

धागाकर्ते, खेळून पाहिलंत का? कागदी हिशेब ठीक आहे, पण माणसं हिशेबाने खेळत नाहीत.

सोंगटीबहाद्दर

तिघांनी दोन डाव खेळलो, दुप्पट घरांच्या नियमाने. प्रत्येक पाळीला तीन रकाने लिहिले: हातात किती, टाकल्या किती, उताण्या किती. पहिल्या डावात 'टाकल्या' च्या रकान्यात ५, ३, ४, २ असं काहीही होतं. दुसऱ्या डावाच्या मध्यापासून तिघांच्याही रकान्यात २, २, १, २. कुणी विचारही करत नव्हतं. शिवाय एक जण ९ कवड्या धरून बसला आणि त्याच्या डावीकडचा उपाशी राहिला.

हिशेबी

तो 'टाकल्या' चा रकाना सोन्यासारखा आहे. त्यात एकच आकडा सलग दिसायला लागला की निर्णय मेला असं समजा, मग खेळणारे कितीही हसत असोत.

दोन्ही आजारांवर एकच नियम सुचतो: हातातल्या निदान निम्म्या कवड्या टाकायच्याच, विषम असतील तर वरचा आकडा. ९ असतील तर ५ टाकणं भाग. साठेबाजी आपोआप सैल होते, उपाशी शेजाऱ्याला कवड्या पोचतात.

याचा एक मजेशीर परिणाम बघा. फुकट पावलं कमी टाकण्यात आहेत, आणि कमी टाकायची परवानगी फक्त गरिबाला आहे. हातात ४ असतील तर २ टाकता येतात, ८ असतील तर ४ टाकावेच लागतात. म्हणजे श्रीमंती हे ओझं झालं! आता प्रत्येक जण कवड्या डावीकडे ढकलायला बघेल. पण एकूण कवड्या १५ च, त्या कुणाच्या तरी हातात असणारच. सगळ्यांना एकदम गरीब होता येत नाही. हा खरा खेळ आहे, आणि तुम्ही ज्या खेळाचा विचार करून सुरुवात केलीत त्याच्या अगदी उलटा.

एक पाळी उलगडून बघू. हातात ६ आहेत, निदान ३ टाकायच्या. तीन टाकल्या तर सरासरी २.२५ पावलं आणि दीड कवडी कमी. फुकटाची शक्यता आठात एक, पडलंच तर एकदम ६ घरं. सगळ्या सहा टाकल्या तर सरासरी ३.१९ पावलं, तीन कवड्या कमी होतात, म्हणजे पुढच्या पाळीला हात हलका, पण फुकटाची शक्यता चौसष्टात एक. आज फुकटाची आशा धरायची की वेग घेऊन पुढच्या पाळीसाठी हात रिकामा करायचा? त्यात उजवीकडच्याने नुकतीच चार कवड्यांची मूठ तुमच्या हातात सरकवलेली. इथे माणूस थांबून विचार करतो.

आजीचा_पट

मला मात्र हे उलटं पटत नाही. आपल्याकडे कवडी मिळणं म्हणजे आनंद. कवडी हातात आली की तोंड वाकडं करायचं? खेळाडूला पहिल्या दहा मिनिटांत ते समजणारच नाही, तो साठवत बसेल आणि हरेल. दुप्पट नको, वर्ग घ्या. ३ टाकून सगळ्या पालथ्या तर ९ घरं, ४ टाकून १६. जास्त टाकणाऱ्याला जास्त बक्षीस.

हिशेबी

करून पाहिलं. वर्ग घेतला तर फुकट पावलांची सरासरी अशी: १ ला ०.५, २ ला १, ३ ला १.१३, ४ ला १, ५ ला ०.७८. शिखर मधे आलं, दोन ते चार जवळपास सारखे. म्हणजे मध्यम हात चांगला, फार गरीबही नको आणि फार श्रीमंतही नको. ऐकायला सुंदर आहे. पण ४० घरांच्या पटावर एका दानात १६ घरं म्हणजे डाव एका फेकीवर गेला, आणि ६ पालथ्या पडल्या तर ३६! १६ च्या वर बक्षीस वाढवू नका, आणि पट निदान ६० घरांचा करा. तरी कुणी शेवटच्या दोन पाळ्यांत १६ मारून जिंकला की बाकीच्यांना आधीचा अर्धा तास फुकट गेल्यासारखं वाटेल. दुप्पटमध्ये हे होत नाही.

आजीचा_पट

चल्लस-आठमध्ये शेवटच्या दानाला जिंकणं हीच मजा असते. कुणाला फुकट गेल्यासारखं वाटत नाही.

हिशेबी

तिथे मरणाऱ्या सोंगट्या आहेत, डाव आधीपासून हेलकावे खात असतो. इथे सोंगटी मरत नाही. यावर आपलं जमेल असं वाटत नाही, दोन्ही खेळून पाहू दे त्यांना.

कोकणकडा

सगळे आकडे कवडी निम्म्या वेळा उताणी पडते असं धरून आहेत. खरी कवडी तशी पडत नाही. जाड पाठीची वेगळी, बारीक वेगळी, पाठ घासून सपाट केलेली तर फारच वेगळी. सतरंजीवर एक, फरशीवर दुसरं. आधी मोजा: १० कवड्या एकदम, ५० वेळा, ज्या कापडावर खेळणार त्याच कापडावर. ५०० पैकी उताण्या २२८ ते २७२ च्या मधे आल्या तर निम्मं समजायला हरकत नाही. बाहेर गेल्या तर हिशेब पुन्हा करा.

दान_आठ

थोडा फरक असेल तर काय बिघडतं? कवड्या सगळ्यांच्या हातातून फिरतात, अन्याय कुणावरच नाही.

कोकणकडा

अन्याय होत नाही हे खरं. पण निर्णय बिघडतो. समजा उताणी १० पैकी ४ वेळाच पडते. निम्म्याच्या हिशेबात चारही पालथ्या पडण्याची शक्यता ६.२५ टक्के, इथे जवळपास १३. दुप्पट! वरच्या प्रोग्रॅममध्ये p=0.4 घालून बघा: ३ कवड्यांना २.५ पावलं, चारला २.६४, पाचला २.७८. तीन टाका की पाच, पावलांत फारसा फरक उरला नाही, कवड्या मात्र जास्त जातात. मग प्रत्येक जण कमीत कमी टाकेल. आणि कवडी कललेली राहिली तर? ती एकटी पुन्हा टाकायची, हे नियमात लिहा, नाहीतर प्रत्येक डावात भांडण.

खऱ्या कवड्या नको असतील तर चिंचोके फोडून घ्या, एक बाजू पांढरी, एक तपकिरी. सपाट बाजू असल्याने कलत नाहीत. मोजायचे मात्र तेही, एका चिंचेतले दोन चिंचोके सारखे पडतीलच असं नाही. सगळ्यात सरळ उपाय म्हणजे पंधरा एकसारखी नाणी, छापा-काटा. दिसायला रुक्ष, पण चाचणीसाठी उत्तम.

सोंगटीबहाद्दर

मोजतो. आधी नाण्यांवर दोन्ही बक्षिसं खेळून ठरवतो, मग त्याला जुळतील अशा कवड्या शोधतो. उलटं करणार होतो.

अजून एक. हात शून्य झाला तर पाळी सोडायची का?

हिशेबी

सोडू नका, रिकाम्या हाताने बसणं कंटाळवाणं. उजवीकडच्याकडून एक कवडी मागून घ्यायची आणि ती टाकायची. मधल्या ढिगातून नवी घेऊ नका. एकूण १५ राहिल्या पाहिजेत, नाहीतर दर फेरीला चलन वाढत जाईल आणि गरीब राहणं कुणालाच जमणार नाही. उजवीकडचाही रिकामा असेल तर त्याच्या उजवीकडचा. तिघांत तोही रिकामा असणं शक्य नाही.

पत्तेपिसाट

आणि कुणी कल्पना चोरली तर? इथे सगळं उघड लिहिताय. पेटंट घ्या आधी.

रंगीत_खडू

भारतात खेळायच्या पद्धतीला पेटंट मिळत नाही. १९७० च्या पेटंट कायद्यातच खेळ खेळण्याची पद्धत वगळलेली आहे, कलम ३(एम). कॉपीराइट नियमपुस्तिकेच्या शब्दांना आणि चित्रांना असतो. म्हणून म्हणत होतो, चित्रांकडे लक्ष द्या. :)

दान_आठ

बरं, मान्य, निर्णय आहे. पण डावीकडचा नेहमी तोच राहतो. माझ्या उजवीकडे कच्चा खेळाडू बसला तर माझं नशीब त्याच्या हातात. सगळ्या पालथ्या पडल्या की देण्याची दिशा उलटी करा: आतापर्यंत डावीकडे, आता उजवीकडे.

हिशेबी

चांगली सूचना आहे, आणि माझा हिशेब इथे थांबतो. दिशा बदलायला लागली की कवड्या देऊन मिळालेल्या पावलांनाही 'हात = ५ − माझी पावलं + उजवीकडच्याची पावलं' हे लागू राहत नाही. तिघांची मिळून बेरीज तेवढी पक्की: एकूण १५. कवड्या देऊन कोण किती पुढे जाऊ शकेल याला मग वरची मर्यादा नाही, म्हणजे एखादा सुटून पळेलही. दिशा किती वेळा उलटते यावर ते अवलंबून राहील, आणि ते टाकायच्या आकड्यावर. हे कागदावर सोडवण्यापेक्षा वीस डाव खेळणं सोपं.

कोकणकडा

दिशा दाखवायला पटाच्या मधोमध एक मोठा शिंपला ठेवा, टोक ज्या बाजूला ती दिशा. नाहीतर तिसऱ्या उलटीनंतर कुणालाच आठवत नाही.

सोंगटीबहाद्दर

शिंपला घेतला. चाचणीच्या कागदावर आता रकाने असे: हातात, टाकल्या, उताण्या, दिशा. पहिले पाच डाव दुप्पट आणि एकच दिशा, पुढचे पाच वर्ग (१६ पर्यंत) ६० घरांवर, मग दोन्हींत दिशा उलटवून. आकडे याच धाग्यात टाकतो.

आजीचा_पट

वर्गाच्या डावांत कुणी १६ मारून जिंकलं तर हरणाऱ्यांचे चेहरे कसे होते तेही लिहा. त्याचा रकाना नाही केलात.